बैठक एकच, नोंदी दोन

समजा, पुण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक मंगळवार, १० मार्च २०२६ रोजी दुपारी तीनला ठरली आहे. चिटणीसांनी आपल्या कॅलेंडरमधून सगळ्या सदस्यांना मेलवर निमंत्रण धाडलं. खजिनदारांचा मेलचा पत्ता जीमेलचा. फोनवर ते गूगल कॅलेंडर पाहतात, पण मेल वाचायला त्यांना घरच्या संगणकावरचं थंडरबर्ड बरं पडतं. त्यात त्यांनी आपलं गूगल कॅलेंडरही जोडून घेतलं आहे.

निमंत्रण आलं तेव्हा थंडरबर्डमध्ये १० तारखेचा चौकोन रिकामा होता. खजिनदारांनी मेलच्या वरच्या पट्टीतलं `Accept` हे बटण दाबलं. कोणत्या कॅलेंडरमध्ये नोंद करू, असं थंडरबर्डने विचारलं. यादीत सर्वांत वर `Home` होतं, तेच त्यांनी निवडलं. नोंद उमटली आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. अर्ध्या तासाने पाहतात, तर त्याच चौकोनात तीच बैठक दोनदा.

दोन नोंदी दिसतात एवढंच असतं तर सोडून देता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात चिटणीसांनी बैठक तासाभराने पुढे ढकलली. फोनवर चार वाजले. खजिनदारांनी ते पाहिलं आणि बदलाचा मेल उघडलाच नाही. आता संगणकावर एक नोंद चारची आणि एक तीनची. दोन्ही सारख्याच खात्रीने बसलेल्या. खरी कोणती, हे नुसतं पाहून कळायला मार्ग नाही.

निमंत्रण कॅलेंडरमध्ये दिसत नाही ही एक तक्रार आणि एकाच बैठकीच्या दोन नोंदी होतात ही दुसरी. लोक या दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडतात. प्रत्यक्षात पहिलीतून दुसरी जन्माला येते, असं अनेकदा घडतं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी मेलमधून नेमकं काय येतं ते पाहायला हवं.

पाकिटात काय असतं

बैठकीच्या निमंत्रणाचा मेल दिसायला साधा असतो, पण त्याच्यासोबत एक छोटी मजकूर-फाइल येते. तिचं नाव बहुधा `invite.ics` असतं. ही फाइल आयकॅलेंडर नावाच्या सामाईक पद्धतीने लिहिलेली असते. ही पद्धत १९९८ मध्ये ठरली आणि २००९ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल, थंडरबर्ड असे सगळेच ती वाचतात, म्हणून एका कंपनीच्या कॅलेंडरमधून पाठवलेलं निमंत्रण दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरला कळतं. फाइल नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडता येते. आपल्या बैठकीची फाइल, महत्त्वाच्या ओळींपुरती, अशी दिसेल:

```
METHOD:REQUEST
UID:karyakarini-0310@example.org
SEQUENCE:0
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260310T150000
ORGANIZER:mailto:chitnis@example.org
ATTENDEE;PARTSTAT=NEEDS-ACTION:mailto:khajindar@example.org
```

पहिली ओळ सांगते की हे उत्तर मागणारं निमंत्रण आहे. बैठक रद्द झाली तर इथे `CANCEL` येतं, आणि पाहुण्याचं उत्तर आयोजकाकडे जातं तेव्हा `REPLY`. शेवटच्या ओळीत निमंत्रिताचा पत्ता आहे आणि त्याने अजून काही कळवलेलं नाही अशी खूण आहे.

सगळी मदार मात्र मधल्या दोन ओळींवर आहे. `UID` म्हणजे त्या बैठकीची कायमची ओळख. बैठकीचं नाव बदलो, दिवस बदलो, जागा बदलो, ही ओळख बदलायची नसते. `SEQUENCE` हा सुधारणेचा क्रमांक. वेळ बदलली की तो शून्याचा एक होतो. नवा मेल आला की कॅलेंडर आधी `UID` जुळवतं. ती ओळखीची निघाली आणि क्रमांक मोठा असला, तर जुनीच नोंद सुधारायची. ओळखीची नसली तर नवी नोंद करायची, असा नियम आहे. बैठकीचं शीर्षक आणि वेळ हुबेहूब सारखी असली तरी `UID` वेगळी असेल, तर कॅलेंडरच्या लेखी त्या दोन वेगळ्या बैठकाच.

दोन कारकून

नियम इतका स्वच्छ असताना खजिनदारांकडे दोन नोंदी कशा झाल्या? कारण निमंत्रण उघडून वहीत लिहून ठेवणारे कारकून त्यांच्याकडे दोन होते, आणि दोघांच्या वह्या वेगळ्या होत्या.

पहिला कारकून गूगलचा सर्व्हर. जीमेलवर निमंत्रण पोचलं की सर्व्हर स्वतःच ते वाचतो आणि गूगल कॅलेंडरमध्ये नोंद करून टाकतो. मेल कोणी उघडावा लागत नाही, बटण दाबावं लागत नाही. दुसरा कारकून संगणकावरचं थंडरबर्ड. ते मेलमधली फाइल वाचतं, पण माणसाने सांगितल्याशिवाय लिहीत नाही. सांगितलं की सांगितलेल्या वहीत लिहितं. `Home` ही वही फक्त त्या संगणकावरची. गूगलला तिचा पत्ताही नसतो.

मग खजिनदारांना सुरुवातीला चौकोन रिकामा का दिसला? गूगलची नोंद तर झाली होती. इथे अडचण वेळेची आहे. मेल थंडरबर्डमध्ये काही सेकंदांत येतो. जोडलेलं गूगल कॅलेंडर मात्र ते सतत तपासत नाही. नव्याने जोडलेल्या कॅलेंडरसाठी दर ३० मिनिटांनी तपासायचं, अशी त्याची ठेव असते. म्हणजे मेल आल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत अशी एक फट राहते, जिच्यात निमंत्रण हातात असतं, सर्व्हरवर नोंद झालेली असते आणि डोळ्यांसमोरचं कॅलेंडर मात्र रिकामं असतं. तत्पर माणूस नेमका याच फटीत बटण दाबतो. गूगलची प्रत अजून पोचलेली नसल्याने थंडरबर्डलाही ही `UID` अनोळखीच वाटते, आणि ते नवी नोंद करून मोकळं होतं. अर्ध्या तासाने गूगलची प्रत येऊन शेजारी बसते. ‘गायब’ वाटलेली नोंद उशिरा आली, आणि तिची वाट न पाहता केलेली नोंद तिची जुळी ठरली.

वेळ बदलल्यावर काय झालं तेही याच हिशेबाने उलगडतं. नवा क्रमांक असलेला मेल आल्याबरोबर गूगलने आपल्या वहीत तीनचे चार केले. थंडरबर्डने मेलच्या पट्टीत बदलाची सूचना दाखवली असती, पण खजिनदारांनी तो मेल उघडलाच नाही. `Home` मधली प्रत तशीच तीन वाजता थांबून राहिली.

आधी ओळख तपासा

दोन नोंदी दिसल्या की हात लगेच एक पुसायला जातो. त्याआधी एक तपासणी करावी. तिला दोन मिनिटं लागतात आणि दोष कोणाकडे आहे ते स्वच्छ कळतं.

प्रथम दोन्ही नोंदींचे रंग पाहा. कॅलेंडरच्या यादीत प्रत्येक कॅलेंडरला रंग असतो. नोंद कोणत्या वहीतली आहे ते त्यावरून समजतं. मग दोन्ही निमंत्रणांच्या मेलमधल्या `.ics` फाइली साठवून नोटपॅडमध्ये उघडा आणि `UID` ने सुरू होणाऱ्या ओळी शेजारी ठेवा. ही ओळ लांब असेल तर ती मोडून पुढच्या ओळीवर जाते आणि त्या ओळीची सुरुवात मोकळ्या जागेने होते, तेव्हा ती पूर्ण वाचा.

निमंत्रणाचा मेल एकच आलेला असेल, किंवा मेल दोन असून दोन्हींत `UID` एकच असेल, आणि नोंदींचे रंग वेगळे असतील, तर घोळ आपल्याकडचा आहे. दोन कारकून, दोन वह्या. पाठवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मेल दोन आणि `UID` वेगवेगळ्या असतील, तर घोळ पाठवणाऱ्याकडचा. याची नेहमीची कारणं साधी असतात. आयोजकाने जुनी बैठक न हलवता नवीच बनवली आणि जुनी रद्द करायची राहिली. किंवा नोंदणी घेणारी एखादी व्यवस्था प्रत्येक स्मरणपत्रासोबत नवी `UID` असलेली फाइल चिकटवते. अशा वेळी आपण आपली मांडणी कितीही सुधारली तरी पुढच्या मेलला पुन्हा जुळी नोंद होणारच.

बैठक कुठे जन्मली याचा सुगावाही कधी कधी `UID` मधून लागतो. गूगल कॅलेंडरमध्ये बनवलेल्या बैठकीची ओळख `@google.com` ने संपते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक-एक्स्चेंज घराण्यातली लांबलचक असते आणि `040000008200E00074C5B7101A82E008` अशी सुरू होते. एक नोंद एका घराण्यातली आणि दुसरी दुसऱ्या घराण्यातली निघाली, तर कोणीतरी एकच बैठक दोन ठिकाणी हाताने बनवली आहे, असं समजावं.

दर आठवड्याच्या किंवा दर महिन्याच्या बैठकांना मात्र हा निकष जरा जपून लावावा. अशा मालिकेची `UID` सगळ्या तारखांना एकच असते. त्यातली एकच तारीख हलवली, तर `RECURRENCE-ID` ही जादा ओळ सांगते की मूळची कोणती तारीख बदलली. ही ओळ नीट न पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुना मंगळवार आणि नवा बुधवार असे दोन्ही दिवस भरलेले दिसतात.

खरंच गायब असेल तर

अर्धा तास थांबूनही नोंद आली नाही, तर ती खरोखर कुठेतरी अडली आहे. हे शोधायला फोन किंवा ब्राउझर उघडून गूगल कॅलेंडर थेट पाहावं. तिथे नोंद असेल आणि संगणकावर नसेल, तर प्रश्न संगणकापुरता आहे. कॅलेंडरच्या यादीत त्या कॅलेंडरची खूण निघालेली असते, किंवा पासवर्ड बदलल्याने जोडणी तुटलेली असते. थंडरबर्डमधलं `Synchronize` दाबलं की जोडणीत काही चुकलं असल्यास ते लगेच समजतं.

गूगलवरही नोंद नसेल, तर बहुधा दोनपैकी एक कारण निघतं. पहिलं पत्त्याचं. फाइलमधल्या `ATTENDEE` ओळीत जो पत्ता आहे, त्याच माणसाला निमंत्रण आहे असं कॅलेंडर धरतं. चिटणीसांच्या यादीत एखाद्या सदस्याचा जुना पत्ता असेल आणि जुन्या पत्त्यावरचे मेल आपोआप जीमेलकडे वळवलेले असतील, तर मेल पोचतो. पण आतली ओळ जुन्याच पत्त्याची राहते. गूगलच्या दृष्टीने हे दुसऱ्याच कुणाचं निमंत्रण. सहकाऱ्याने आपलं निमंत्रण पुढे पाठवलं तरी तीच गत होते, कारण त्यात नाव सहकाऱ्याचं असतं. उपाय असा: जुना पत्ता आपल्या गूगल खात्यात पर्यायी पत्ता म्हणून जोडून घ्यायचा, आणि थंडरबर्डच्या खात्यातही `Manage Identities` मध्ये तो नोंदवायचा. त्याहून सरळ म्हणजे चिटणीसांना यादीतला पत्ता बदलायला सांगायचं.

दुसरं कारण गूगलच्या सेटिंगचं. २०१९ च्या सुमारास फसवे लोक याच सोयीचा फायदा घेऊ लागले. कुणाच्याही जीमेलवर निमंत्रण पाठवायचं, की ‘तुम्हाला बक्षीस लागलं’ अशी नोंद त्याच्या कॅलेंडरमध्ये आपोआप उमटायची. त्यामुळे २०२२ मध्ये गूगलने ओळखीच्या पाठवणाऱ्यांचीच निमंत्रणं आपोआप नोंदवण्याची सोय आणली. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये `Add invitations to my calendar` या मथळ्याखाली आता तीन पर्याय असतात: सर्वांकडून, फक्त ओळखीच्यांकडून, किंवा मी मेलमध्ये उत्तर दिल्यावरच. मधला पर्याय निवडलेला असेल, तर संपर्क-यादीत नसलेल्या आणि पूर्वी कधी व्यवहार न झालेल्या माणसाचं निमंत्रण मेलमध्ये दिसतं, कॅलेंडरमध्ये नाही. नव्याने निवडून आलेल्या चिटणीसांची पहिली बैठक यातच हरवते. तिला उत्तर दिलं की नोंद होते.

एकच वही ठेवा

आता खजिनदारांकडे परत जाऊ. त्यांना फोन सोडायचा नाही आणि थंडरबर्डही. त्यामुळे दोन कारकुनांपैकी एकाला काढता येणार नाही. पण दोघांना एकाच वहीत लिहायला लावता येईल.

थंडरबर्डच्या यादीत `Home` वर उजवी टिचकी मारून `Properties` उघडायचं. तिथे `Email` नावाची जागा असते. हे कॅलेंडर कोणत्या पत्त्याची निमंत्रणं सांभाळतं, ते तिथे ठरतं. `Home` साठी तिथे `None` निवडायचं. याच पद्धतीने गूगल कॅलेंडरचं `Properties` उघडून तिथे जीमेलचा पत्ता नेमायचा. आता निमंत्रण आलं की `Home` हा पर्यायच समोर येत नाही.

त्याच खिडकीत गूगलच्या कॅलेंडरला `Prefer client-side email scheduling` हा चौकोन दिसेल. आयोजकाला उत्तराचा मेल सर्व्हरने पाठवायचा की थंडरबर्डने, हे त्यावरून ठरतं. गूगल स्वतः उत्तर पाठवतं, म्हणून तो रिकामाच ठेवावा. नाहीतर तुमच्या एका होकाराचे दोन मेल चिटणीसांकडे जायला लागतात.

फट बुजवण्यासाठी तपासणीचा अवधी ३० मिनिटांवरून ५ करता येतो. त्याहून खात्रीची सवय अशी, की निमंत्रण उघडलं की आधी `Synchronize` दाबायचं, कॅलेंडरमध्ये नोंद आली का ते पाहायचं आणि मग उत्तर द्यायचं. नोंद आधीच आलेली असली की थंडरबर्ड `UID` वरून ती ओळखतं, आणि उत्तर त्याच नोंदीवर चढतं.

उरतं ते जुन्या जुळ्या नोंदींची साफसफाई. इथे घाई महागात पडते. स्वीकारलेली बैठक पुसणं म्हणजे तिला नकार देणं, असा अर्थ कॅलेंडर लावू शकतं. गूगलमधली नोंद पुसली, तर चिटणीसांच्या यादीत खजिनदार येणार नाहीत असं दिसायला लागेल. म्हणून आधी `Home` चं `Export Calendar` करून एक प्रत बाजूला ठेवावी. `Email` मध्ये `None` केल्यावर मगच `Home` च्या रंगाच्या जुळ्या नोंदी एकेक करून पुसाव्यात. पुसताना मेल पाठवू का असं विचारलं गेलं, तर नको म्हणावं. गूगलच्या रंगाच्या नोंदींना हात लावू नये. आयोजकाशी जोडलेल्या आहेत त्या त्याच.

एवढं केल्यावरही पुन्हा जुळी नोंद दिसली आणि दोन्ही मेलमध्ये `UID` वेगळी निघाली, तर आपल्या संगणकावर आणखी काही करण्यासारखं नाही. त्या वेळी दोन्ही ओळी उतरवून चिटणीसांना पाठवाव्यात आणि एवढंच सुचवावं: वेळ बदलायची असेल तेव्हा नवी बैठक बनवू नका, असलेलीच उघडून हलवा, आणि नवी बनवलीच असेल, तर जुनी नुसती पुसू नका, सदस्यांना रद्द झाल्याचं कळवून पुसा. रद्द केल्याचा मेल गेला, की जुन्या `UID` ची नोंद कुठे काढायची ते प्रत्येकाच्या कॅलेंडरला समजतं. तो मेल गेला नाही, तर दहाही सदस्यांना तीच साफसफाई आपापल्या हाताने करावी लागते, आणि त्यातला एखादा तीन वाजताच वाचनालयाच्या दारात येऊन उभा राहतो.